ड्रॉ नो बेट, डबल चान्स आणि झीरो हँडिकॅप: हंगामभर वही ठेवल्यानंतरचा अनुभव

मालवणात आमचा पाच-सहा जणांचा फुटबॉल बघणारा गट आहे. गेला हंगामभर आम्ही सामन्याच्या निकालावर पैज लावायच्या या तीन प्रकारांची वही ठेवतोय. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि पैसा मध्ये आला की सामना नीट बघवत नाही असंही माझं मत आहे. त्यामुळे वहीत फक्त गुण. प्रत्येक नोंद 100 गुणांची.

सुरुवात भावांपासून करतो. भाव म्हणजे अंदाज बरोबर आला तर ठेवलेल्या गुणांच्या किती पट परत मिळतात तो आकडा. समजा यजमान संघाच्या विजयाचा भाव 2.40, बरोबरीचा 3.20 आणि पाहुण्यांचा 3.10 आहे. यजमानांवर ड्रॉ नो बेट म्हणजे ते जिंकले तर फायदा, बरोबरी झाली तर 100 जसेच्या तसे परत, हरले तर सगळे गेले. याचा भाव याच आकड्यांतून निघतो. 100 पैकी 31.25 बरोबरीवर ठेवा, 3.20 ने त्याचे बरोबर 100 होतात, म्हणजे मुद्दल सुरक्षित. उरलेले 68.75 यजमानांवर ठेवा; 2.40 ने त्याचे 165 होतात. म्हणजे ड्रॉ नो बेटचा भाव 1.65.

डबल चान्समध्ये यजमान जिंकले काय नि बरोबरी झाली काय, मिळतं तेवढंच. 57.14 विजयावर आणि 42.86 बरोबरीवर ठेवले की दोन्हीकडे 137 च येतात. भाव 1.37. हरलात तर इथेही 100 गेलेच.

म्हणजे फरक फक्त बरोबरीचा. डबल चान्स घेताना विजयातले 28 गुण सोडायचे आणि त्याबदल्यात बरोबरीत 37 मिळवायचे. हा सौदा कधी परवडतो? बरोबरीची शक्यता विजयाच्या शक्यतेच्या पाऊणपटीहून जास्त वाटत असेल तर. ही पाऊणपट 2.40 भागिले 3.20 मधूनच येते. दोन्ही संघ बचाव सांभाळून खेळणारे असले की मी डबल चान्सकडे वळतो, एरवी ड्रॉ नो बेट. डबल चान्स ‘सुरक्षित’ म्हणून डोळे मिटून घेणं मला पटत नाही, कारण एक पराभव भरून काढायला तीन बरोबर नोंदी लागतात.

आता झीरो आशियाई हँडिकॅप. सामना सुरू व्हायच्या आधी घेतला तर तो आणि ड्रॉ नो बेट एकच. विजय, बरोबरी, पराभव, तिन्हींचा हिशेब सारखा. भावात दोन-तीन पैशांचा फरक दिसतो तो भाव देणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेल्या कमी-जास्त वाट्याचा. जिथे भाव जास्त, ते घ्यावं.

खरी गंमत चालू सामन्यात आहे, आणि ती समजावी म्हणून आम्ही 2022 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना वहीत मांडला. 18 डिसेंबर, लुसेल. 79 व्या मिनिटाला अर्जेंटिना फ्रान्सविरुद्ध 2-0 ने पुढे. त्या क्षणी अर्जेंटिनावर तिन्ही नोंदी केल्या असं धरा. एम्बापेने 80 व्या मिनिटाला पेनल्टीवर आणि लगेच 81 व्या मिनिटाला गोल केला. नियमित वेळ 2-2.

ड्रॉ नो बेट पूर्ण सामन्याचा निकाल बघतो. बरोबरी, म्हणून 100 परत. डबल चान्स जिंकला. झीरो हँडिकॅप मात्र हरला! कारण चालू सामन्यातल्या आशियाई हँडिकॅपमध्ये नोंद केली त्या क्षणाचा स्कोअर 0-0 धरतात. आधीचे दोन गोल हिशेबात नाहीत. त्यानंतरचा सामना फ्रान्सने 2-0 ने घेतला. उलट, पुढे एकही गोल झाला नसता तर ड्रॉ नो बेट जिंकला असता आणि झीरो हँडिकॅपचे फक्त 100 परत आले असते.

आमच्यातला एक जण वहीवर बोट ठेवून म्हणाला, “अर्जेंटिना जिंकली मा रे, मगे माका ड्रॉ नो बेटचे गुण कित्याक नाय?” प्रश्न रास्त होता. हे तिन्ही प्रकार साधारणपणे 90 मिनिटं अधिक भरपाईची वेळ एवढ्यावरच ठरतात. अतिरिक्त वेळेतले मेस्सी आणि एम्बापेचे गोल, नंतरच्या पेनल्टी, यातलं काहीच धरत नाहीत. चषक कोणी उचलला हा वेगळाच प्रश्न.

चालू सामन्यात समोर कुठला प्रकार आहे ते भावावरून ओळखता येतं. 2-0 ने पुढे असलेल्या संघाचा ड्रॉ नो बेट भाव शेवटच्या मिनिटांत 1 च्या अगदी जवळ येतो. त्याच संघाचा झीरो हँडिकॅप भाव त्याहून बराच वर असतो, कारण तो फक्त उरलेल्या मिनिटांचा सामना मोजतो. आमच्या वहीत आता नोंदीचं मिनिट आणि त्या वेळचा स्कोअर यांचा स्वतंत्र रकाना आहे, आणि तो रिकामा असेल तर झीरो हँडिकॅपची नोंद आम्ही धरतच नाही.