एकच रंगकुळ की एक वेगळा रंग?

आमच्या एकांकिकेत चाळीतली एकच खोली आहे. वडिलांचा तेरावा नुकताच झालाय, घरात आई आणि दोन मुलगे. वातावरण कोंदट हवं होतं, म्हणून दोन रंगयोजना करून पाहिल्या.

पहिलीत सगळं एकाच कुळातलं: मातकट भिंत, खाकी पडदा, आईची बदामी साडी, मुलांचे तपकिरी शर्ट. जवळून फार सुंदर दिसलं. पण दहाव्या रांगेतून आई भिंतीत विरून गेली, उरले फक्त चेहरा आणि हात. मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढला, तर साडी आणि भिंत एकाच करड्या रंगाची! ही योजना ठेवायची तर भिंत कपड्यांपेक्षा स्पष्टपणे गडद रंगवावी लागते.

दुसरीत सेट तोच, फक्त आईला फिकट निळी साडी. नजर आपसूक तिच्यामागे जाते आणि ती आत गेली की खोली खरोखर ओकीबोकी वाटते. मला हीच पटली. धोका आहे तो प्रकाशाचा. दिव्यावर गडद अंबर, म्हणजे पिवळट-केशरी, जिलेटिनचा पारदर्शक कागद लावला की त्याखाली निळा मरतो, मळकट राखाडी दिसतो. साडीचा पदर दिव्याखाली धरला तेव्हाच हे कळलं. मग समोरचा एक दिवा जिलेटिनशिवाय ठेवला.

शिवाय निळा दुसरीकडे कुठेच नको. फळीवरची निळी प्लास्टिकची बाटलीसुद्धा आम्ही काढून तिथे तांब्या ठेवला.