हेल्मेट, एक पावसाळा वापरल्यानंतर: काच चांगली, रंग चांगला, पण पट्टी तपासा

मे महिन्यात घेतलेलं फुल फेस हेल्मेट. आता ऊसतोड सुरू झालीय, म्हणजे साताऱ्याचा आख्खा पावसाळा त्याच्यावरून गेला. रोज करंजे ते एमआयडीसी आणि अधूनमधून हायवेनं वाई, एवढा माझा वापर. किंमत, वजन, रंग सगळीकडे लिहिलेलं आहे, ते परत सांगत नाही. काचेवर ओरखडे नाहीत, वास येत नाही, कानाला टोचत नाही. महिनाभरापूर्वी लिहिलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

गेल्या आठवड्यात लिंब खिंडीच्या अलीकडे शेजारून एक ट्रेलर जोरात गेला. हवेच्या झोतानं हेल्मेट कपाळावरून मागं उचललं गेलं आणि पट्टी गळ्याला काचली. लॉक लावलेलं होतं. घरातून निघताना त्याचा कटकट आवाज ऐकूनच निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, कंपनीला फोन करा. कंपनीचं उत्तर असं की पट्टी, काच आणि गाद्या वॉरंटीत येत नाहीत. ज्या पट्टीवर सगळं हेल्मेट डोक्यावर टिकतं तीच वॉरंटीत नाही, मग वॉरंटी कशाची देता? रंगाची? वाद घालून उपयोग झाला नाही. संतापून या हेल्मेटला एकच स्टार द्यायचा असं ठरवलं होतं.

मग पोवई नाक्याजवळ काचा, गाद्या बदलून देणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी लॉक चार वेळा लावून ओढून बघितलं आणि म्हणाले, "आवं सर, लॉक ठणठणीत हाय. पट्टी सरकतीया."

इथे माझं मत बदललं. पट्टीवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक लॉक, दातेरी जिभेचं, जे आपण रोज लावतो आणि काढतो. दुसरी प्लॅस्टिकची छोटी कडी, जिच्यातून पट्टी ओवून लांबी ठरवलेली असते. ही कडी पट्टीला फक्त घासून धरून ठेवते. पट्टी ओली झाली, रोज ओढली गेली की ती दरवेळी केसभर सरकते. लॉक तितक्याच दातांवर लागतं, आवाजही तोच येतो, म्हणून आपल्याला काही बदललंय असं वाटत नाही. त्यातच गालाच्या गाद्यांचा फोम काही महिन्यांत बसतो. मेमध्ये गच्च बसणारं हेल्मेट नोव्हेंबरपर्यंत दोन्ही बाजूंनी सैल झालेलं असतं.

काकांनी पट्टी पुन्हा हनुवटीखाली घट्ट लावली, मोकळं टोक मागं वळवून कडीतून परत ओवलं, म्हणजे ताण आला की पट्टी स्वतःलाच दाबून धरते. मग कडीच्या कडेला लागून पट्टीवर पांढऱ्या मार्करनं एक रेघ मारली. रेघ कडीपासून लांब गेली की पट्टी सरकली, एवढं साधं. तेव्हापासून मी निघताना रेघ बघतो. अजून जागेवर आहे.

एवढं पट्टीवर का अडकून बसलो ते सांगतो. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी असताना नुसतं आडवं पडलं तरी डोकं जमिनीला लागेपर्यंत वेग ताशी २० किलोमीटरच्या जवळ जातो. आता प्रश्न फक्त किती अंतरात थांबायचं हा. डांबरावर उघडं डोकं पाचेक मिलिमीटरमध्ये थांबलं, तर दीड मीटर भागिले पाच मिलिमीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट झटका. हेल्मेटच्या आतलं थर्माकोल अडीच सेंटीमीटर दाबलं गेलं, तर तोच झटका ६० पटीवर येतो. हिशोब ढोबळ आहे, पण मुद्दा त्यात पूर्ण येतो. ही सगळी करामत त्या अडीच सेंटीमीटर थर्माकोलची आहे, आणि ते थर्माकोल त्या क्षणी डोकं आणि रस्ता यांच्यामध्ये असलं तरच. पडताना डोकं एकदाच आपटेल असंही नाही. पहिल्या आपटीत हेल्मेट निघून गेलं, तर दुसरी आपटी उघड्या डोक्यावर.

कायद्यालाही हे माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट पट्टीनं डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असं म्हटलंय. आपल्याकडे चौकात पोलीस दिसले की डोक्यावर ठेवायचं आणि पट्टी लोंबकळत ठेवायची, त्याला काही अर्थ नाही. पोलिसाला फसवता येईल, डांबराला नाही.

तपासायला एक मिनिट लागतं. पट्टी लावा. हनुवटी आणि पट्टी यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जावीत. मग दोन्ही हात मानेमागे नेऊन हेल्मेटची खालची कड पकडा आणि वर, पुढच्या बाजूला जोरात ढकला. हेल्मेट कपाळावरून डोळ्यांवर येईल, पण डोक्यातून निघता कामा नये. निघालं, तर पट्टी सैल आहे किंवा माप मोठं आहे. मग मान डावी-उजवीकडे वळवा. गालाची कातडी गादीबरोबर ओढली गेली पाहिजे. वाढे फाट्यावर मागून येणारी गाडी बघायला मान वळवली आणि हेल्मेट समोरच बघत राहिलं, तर ते तुमच्या मापाचं नाही किंवा आता राहिलेलं नाही.

हीच तपासणी मिसेसच्या अर्ध्या हेल्मेटवर केली. पट्टी लावलेली असताना ते पहिल्याच ढकलीत माझ्या हातात आलं. मागं बसणाऱ्याचं डोकंही तेवढ्याच उंचीवरून पडतं, त्यामुळे तिला त्याच संध्याकाळी टेपनं भुवयांच्या वरून घेर मोजून, ५६० मिलिमीटर भरला, त्या मापाचं नवीन घेतलं. आयएसआयच्या शिक्क्याखालचा CM/L क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघितला. दुकानदाराला ते आवडलं नाही, पण क्रमांक खरा निघाला.

पट्टी खरोखर विरली असेल, तर चांभाराकडून शिवून घेऊ नका. पट्टी कवचाला जिथं रिव्हेटनं धरलेली असते तिथं सगळा ताण येतो आणि हातशिलाई तो घेत नाही. हेल्मेट एकदा डोक्यासकट आपटलं असेल तर ते बाहेरून कितीही छान दिसलं तरी बदला, कारण दाबलेलं थर्माकोल परत फुगत नाही.

तर माझे तीन स्टार. दोन कापले ते कडीसाठी आणि सोबतच्या पुस्तिकेत काच कशी पुसायची यावर अर्धं पान असून पट्टी अधूनमधून ओढून बघा एवढी एक ओळ नाही यासाठी. पुढचं हेल्मेट दोन लोखंडी कड्यांच्या पट्टीचं घेणार आहे. लावायला वेळ लागतो, पण दरवेळी हातानं ओढूनच लावावं लागतं, त्यामुळे सैल राहिलं तर तिथंच कळतं. तोपर्यंत ही प्लॅस्टिकची कडी सुटी कुणाकडे मिळत असेल, साताऱ्यात किंवा कराडला, तर जरूर कळवा. कंपनी फक्त आख्खी पट्टी विकते आणि तिची किंमत ऐकून मी फोन ठेवून दिला.