फार्महाऊसचा एक्स्टिरिअर रेंडर आणि ब्लेंडरचा मिस्ट पास: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोकळ्या शेतातल्या फार्महाऊसचं काम मुंबईतल्या स्टुडिओंकडे वारंवार येतं. जागा बहुतेक नाशिक किंवा नगरच्या बाजूला असते आणि ग्राहकाला घरापेक्षा घराभोवतीचा मोकळेपणा दाखवून हवा असतो. हा मोकळेपणा लांबच्या धूसरपणावर उभा असतो. गेले आठ महिने तो आम्ही ब्लेंडरच्या सायकल्समध्ये मिस्ट पासने करतोय. त्याआधी सगळ्या दृश्याभोवती व्हॉल्यूमचा मोठा ठोकळा ठेवायचो.

ठोकळा सोडण्याचं कारण फक्त रेंडरचा वेळ आणि नॉइज नव्हतं. डिसेंबरातली सकाळ, सूर्य क्षितिजावर १५ अंश, ठोकळ्याची उंची ३०० मीटर असं धरा. ऊन जमिनीवर पोचायला त्यातून तिरपं जवळजवळ ११६० मीटर जातं. घनता दर मीटरला ०.०००४ असली, तर थेट उन्हाचा जेमतेम ६३ टक्के भाग खाली येतो. विखुरलेला उजेड परत मिळायला Light Paths मधले Volume बाउन्स वाढवावे लागतात, कारण मुळात ते शून्यावर असतात. म्हणून ठोकळा टाकला की घराची भिंत मळकट दिसते आणि माणूस उगाच सूर्याची ताकद वाढवत बसतो. ठोकळ्याऐवजी World ला व्हॉल्यूम लावला तर आणखी वाईट. तो अनंतापर्यंत पसरतो, त्यामुळे आकाश आणि सूर्य दोन्ही विझतात.

मिस्ट पास मात्र फक्त अंतर मोजतो, उजेडाला हात लावत नाही. View Layer मध्ये Mist चालू करायचा, मग World च्या Mist Pass मध्ये Start ०, Depth ५००० मीटर आणि Falloff न चुकता Linear. मुळात तिथे Quadratic असतो आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं: चित्र डोळ्यांना बरं वाटतं, पण अंतराचा हिशेब हातात राहत नाही. कॅमेऱ्याचा Clip End सुद्धा वाढवून घ्या, नाहीतर लांबची टेकडी कापली जाते आणि तिथे धूसरपणा गडद झालाय असा भास होतो.

हवा अंतराप्रमाणे सरळ रेषेत धूसर होत नाही, घातांकी पद्धतीने होते. म्हणून कंपोझिटरमध्ये मिस्टची किंमत तीन Math नोडमधून न्यायची: -२ ने Multiply, मग Exponent, मग ते १ मधून Subtract.

```
haze = 1 - exp(-2 * mist)
```

यातला २ म्हणजे ५००० मीटर गुणिले ०.०००४. ही घनता सुमारे १० किलोमीटर दृश्यमानतेची, म्हणजे घाटमाथ्यापलीकडच्या बऱ्या हिवाळी सकाळची. आमच्या दृश्यात घर ४० मीटरवर आहे, तिथे धूसरपणा दीड टक्का येतो आणि तो दिसतही नाही. ४०० मीटरवरच्या बाभळींच्या रांगेला १५ टक्के, दीड किलोमीटरवरच्या वस्तीला ४५ आणि चार किलोमीटरवरच्या टेकडीला ८० टक्के. वस्ती ओळखू येते, टेकडीची फक्त कड उरते. नेमकं हेच हवं असतं.

मुंबईत बसून डोळ्यांनी ठरवलं की हा आकडा हमखास फुगतो. खिडकीतून दिसणारी हवा समुद्राच्या दमटपणाची आणि बांधकामाच्या धुळीची असते. तीन किलोमीटर दृश्यमानता धरली तर घनता ०.००१३ होते आणि ४०० मीटरवरच्या बाभळींवर ४० टक्के पांढरेपणा चढतो. मग शेत परळच्या मागे असल्यासारखं दिसतं. धूसरपणाचा रंगही मनाने निवडू नका. क्षितिजाला टेकलेल्या आकाशाचा रंग उचला आणि मिश्रण व्ह्यू ट्रान्सफॉर्मच्या आधी, ओपनईएक्सआर फाइलवर करा. ८ बिटच्या पीएनजीत मिस्ट साठवला तर लांबच्या उतारावर पट्टे उमटतात.

आता पद्धतीचा खरा दोष. आकाशाच्या जागी मिस्टची किंमत १ असते. जवळच्या आंब्याच्या पानांच्या कडेला एका पिक्सेलमध्ये पान आणि आकाश दोन्ही येतात, त्यांची सरासरी निघते आणि झाडाभोवती पांढरी किनार उमटते. गोठ्याच्या पत्र्याच्या कडेला आणि कांदाचाळीच्या पट्ट्यांमधूनही तेच होतं. उपाय असा की Film मध्ये Transparent चालू करून आकाश वेगळं ठेवायचं आणि दोन व्ह्यू लेयर करायचे. घर, गोठा, कांदाचाळ, पंपघर आणि जवळची झाडं पहिल्यात, जमीन, पीक आणि लांबचं सगळं दुसऱ्यात. पहिल्या लेयरमध्ये लांबचं कलेक्शन Holdout करा, म्हणजे घरापुढची रोपं घराला बरोबर कापतात. दुसऱ्यात जवळचं कलेक्शन Indirect Only करा, म्हणजे सावल्या जमिनीवर राहतात. धूसरपणा फक्त दुसऱ्या लेयरला द्यायचा. १०० मीटरच्या आत तो ४ टक्क्यांहून कमीच असतो, त्यामुळे जवळच्या वस्तूंना तो नसला तरी कळत नाही. मिसळण्याआधी धूसरपणाच्या रंगाला त्या लेयरच्या अल्फाने गुणायला विसरू नका, नाहीतर टेकडीच्या कडेवर उजळ रेघ येते.

पिकाच्या ओळींनी आम्हाला सगळ्यात जास्त छळलं, आणि कारण साधं होतं. हरभरा ३० सेंटिमीटरवर ओळ, ओळीत १० सेंटिमीटरवर रोप. म्हणजे एकरी सुमारे १ लाख ३५ हजार रोपं. प्रत्येक रोप वेगळं इन्स्टन्स करण्यापेक्षा एक मीटर लांबीचा ओळीचा तुकडा करा, एकरी साडेतेरा हजारात भागतं. तुकड्याचे आठ-दहा प्रकार लागतात आणि मधूनमधून रोप न उगवलेली जागा सोडावीच लागते, नाहीतर शेत गालिच्यासारखं दिसतं.

पण ओळ दिसते किती लांबपर्यंत? २८ मिलिमीटर लेन्स, ३६ मिलिमीटर सेन्सर आणि ३८४० पिक्सेल रुंदी धरा, आणि ओळ वेगळी दिसायला किमान दोन पिक्सेल हवेत असं माना. ओळी कॅमेऱ्याकडे धावत असतील तर त्या साधारण ४५० मीटरपर्यंत टिकतात. आडव्या असतील आणि कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, १.६ मीटरवर असेल, तर त्या २७ मीटरवरच एकमेकींत मिसळतात. कॅमेरा ३० मीटर उंच नेला तरी आडव्या ओळी ११५ मीटरच्या आसपासच संपतात. या अंतरापुढे खरी रोपं ठेवली की चित्रात लहरी उठतात आणि व्हिडिओत शेत चमचमतं. लोक याला नॉइज समजून सॅम्पल वाढवतात, पण त्याने चमचम फारशी हटत नाही. त्या पुढे फक्त रंग आणि थोडा उंचसखलपणा असलेला पृष्ठभाग द्या. त्याचा रंग पिकाचा हिरवा आणि काळी माती यांची सरासरी घेऊन ठरवा, नाहीतर सांध्यावर रेषा दिसते. तुकड्यांचा भाग एकदम न थांबवता शेवटच्या २०-३० मीटरात विरळ करत नेला की सांधा लपतो. बांध असेल तर सांधा त्याच्यामागेच घ्या.

मिस्ट पासला काय जमत नाही तेही सांगतो. तो पहिल्या पृष्ठभागापर्यंतचंच अंतर मोजतो, म्हणून घराच्या मोठ्या काचेत उमटलेली टेकडी खणखणीत दिसते आणि प्रतिबिंब खोटं वाटतं. शेततळ्याच्या पाण्यातही तेच. तिथे आम्ही टेकडीच्या मटेरियलमध्येच कॅमेऱ्याशिवायच्या किरणांसाठी क्षितिजाचा रंग मिसळतो, Light Path नोडमधल्या Is Camera Ray वरून. आणि पहाटे विहिरीजवळ गुडघाभर साचलेलं धुकं हवं असेल तर मिस्ट पासचा उपयोग नाही, कारण ते अंतरावर नाही, उंचीवर ठरतं. तेवढ्यापुरता दोन मीटर उंचीचा व्हॉल्यूम ठोकळा त्या खोलगट भागावर ठेवतो. ठोकळा एवढा लहान असल्याने उन्हाचं नुकसान त्या भागापुरतंच राहतं.