एक ओळ, चार पोस्ट: सुविचाराला स्वतःच्या निरीक्षणाची जोड द्यावी का?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या एका अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी एक सुविचार टाकण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. असे काम ज्यांच्याकडे असते, त्यांच्यापुढे प्रश्न साधारण एकच असतो: ओळ नुसतीच द्यावी, की तिच्यासोबत आपले काही लिहावे, आणि लिहायचे झाल्यास काय लिहावे. हा प्रश्न अमूर्तपणे सोडवण्यापेक्षा एकच ओळ चार प्रकारे मांडून पाहणे सोपे जाते, म्हणून मराठीतली बहुधा सर्वांत झिजलेली ओळ मी येथे घेत आहे: ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’.

पहिला प्रकार म्हणजे उगवत्या सूर्याच्या चित्रावर नुसती ओळ. यात श्रम कमी असतात आणि चूक होण्याची शक्यताही कमी, परंतु ही ओळ मराठी वाचकाने शाळेच्या फळ्यावर, वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणांत आणि निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात इतक्या वेळा पाहिलेली असते की ‘प्रयत्ने वाळूचे’ एवढे दोन शब्द दिसताच उरलेली ओळ त्याच्या मनात आपोआप पूर्ण होते आणि डोळा पुढे सरकतो. म्हणजे वाचक ओळ वाचतच नाही, केवळ ओळखतो. गटावर अशा पोस्टखाली हात जोडल्याची चिन्हे भरपूर येतात, पण ती पोहोच दिल्यासारखी असतात. ओळ वाचकाला अपरिचित असेल, किंवा एखाद्या पुण्यतिथीला त्या व्यक्तीचेच शब्द द्यायचे असतील, तर मात्र नुसती ओळच उत्तम. तिथे आपण मध्ये न येणे हाच शिष्टाचार.

दुसरा प्रकार अर्थ सांगण्याचा. ‘म्हणजेच जिद्द आणि चिकाटी असेल, तर जगात काहीही अशक्य नाही’ असे एक वाक्य खाली जोडले जाते आणि लिहिणाऱ्याला वाटते की आपण भर घातली. प्रत्यक्षात एका झिजलेल्या नाण्याशेजारी दुसरे झिजलेले नाणे ठेवलेले असते. चारही प्रकारांत मला हा सर्वांत निकृष्ट वाटतो, कारण पहिल्या प्रकारात निदान वाचकाला स्वतःचे काही आठवायला मोकळीक असते, ती इथे काढून घेतली जाते. शिवाय या विशिष्ट ओळीच्या बाबतीत तो अर्थच उलटा आहे, आणि तेथून तिसऱ्या प्रकाराकडे जाता येते.

तिसरा प्रकार मूळ संदर्भ देण्याचा. ही ओळ भर्तृहरीच्या नीतिशतकातील एका संस्कृत श्लोकाच्या मराठी रूपांतरातून आली आहे आणि ते रूपांतर वामन पंडितांचे मानले जाते. पूर्ण श्लोकाचा आशय असा: प्रयत्न केल्यास एखाद वेळी वाळू रगडून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात भटकता भटकता सशाचे शिंगही सापडेल, परंतु हट्टाला पेटलेल्या मूर्खाचे मन वळवता येणार नाही. म्हणजे वाळूतून तेल काढणे हे येथे अशक्य गोष्टीचेच उदाहरण आहे, आणि कवी तिरकसपणे म्हणतो की एक वेळ तेही जमेल, पण मूर्खाची समजूत घालणे जमणार नाही. श्लोकाचा पहिला चरण सुटा करून आपण प्रयत्नवादाचे घोषवाक्य बनवले.

ही माहिती प्रथमच वाचणाऱ्याला ती खरोखर ताजी वाटते, आणि मी स्वतः ती एकदा गटावर टाकली तेव्हा नेहमीपेक्षा जास्त उत्तरे आली. तरीही या प्रकाराला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे तो एकदाच चालतो. पुढच्या वर्षी तीच माहिती पुन्हा टाकता येत नाही, आणि प्रत्येक सुविचाराच्या पोटात अशी गंमत दडलेली नसते. दुसरी मर्यादा सुराची आहे. ‘आपण सारे ही ओळ चुकीची वापरतो’ असे सकाळी सहा वाजता सांगणारा माणूस कितीही बरोबर असला तरी मास्तर वाटतो, आणि वाचकाचे लक्ष ओळीवरून उडून आपल्या चुकीवर जाते. माहिती कोणीही शोधून लिहू शकतो. ती लिहिणाऱ्याची स्वतःची नसते, म्हणून तिला मी निरीक्षण म्हणत नाही.

चौथा प्रकार निरीक्षणाचा, आणि येथे थोडे थांबावे लागेल, कारण याच प्रकारात सर्वांत जास्त फसवणूक होते. गेल्या हिवाळ्यात मी घरचे शेंगदाणे घेऊन लाकडी घाण्यावर तेल काढायला गेलो होतो. त्या रात्री मी लिहिलेला पहिला खर्डा असा होता:

‘काल लाकडी घाण्यावर गेलो होतो. तिथल्या माणसांची मेहनत पाहून जाणवले की सातत्याने कष्ट केले, तर यश नक्की मिळते. प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.’

वरवर पाहता यात ‘मी’ आहे, जागा आहे, प्रसंगही आहे. पण मी दिसत असलो तरी मी काय पाहिले, ते यात कुठेही नाही. ‘लाकडी घाणा’ काढून ‘वीटभट्टी’ किंवा ‘भाजी मंडई’ घातली, तरी पोस्टला काही फरक पडत नाही, आणि ओळ बदलून ‘केल्याने होत आहे रे’ ठेवली, तरीही पडत नाही. माझ्या अनुभवात हीच सर्वांत उपयोगी कसोटी आहे: जागा बदलून पाहावी, ओळ बदलून पाहावी, आणि दोन्ही वेळा मजकूर तसाच उभा राहिला, तर ते निरीक्षण नसून दुसऱ्या प्रकारातला अर्थच वेष बदलून आला आहे असे समजावे. ‘जाणवले की’, ‘शिकायला मिळाले की’, ‘तेव्हा मला समजले’ या शब्दांपाशी पाहणे संपते आणि सुविचार पुन्हा सुरू होतो, म्हणून खर्डा वाचताना मी आधी हेच शब्द शोधतो.

खर्डा बाजूला ठेवून मी त्या दिवशी काय दिसले, एवढेच कागदावर उतरवले. अडीच-तीन किलो दाण्यांमागे साधारण किलोभर तेल मिळेल, असे घाणेवाल्याने सांगितले होते. पेंडीचा वास कपड्यांना घरापर्यंत आला. माझ्यापुढे एक काका पोते घेऊन आले होते आणि त्यांचे पोते घाणेवाल्याने परत केले. ही तिसरी गोष्ट लिहिताना मी थांबलो, कारण तिच्यात माझ्या अपेक्षेविरुद्ध काही होते: ज्याचा धंदाच रगडण्याचा आहे, तो रगडायला नकार देत होता. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असूनही मी सोडून दिल्या. तेलाचा हिशेब उपयोगाचा आहे आणि वासाचे वर्णन लोभस आहे, पण ओळीशी त्यांची कुठेच टक्कर होत नाही, आणि निरीक्षण ओळीला कुठेतरी घासले, तरच झिजलेली ओळ पुन्हा वाचली जाते. अंतिम पोस्ट अशी झाली:

‘काल घाण्यावर माझ्यापुढे एक काका शेंगदाण्याचे पोते घेऊन उभे होते. घाणेवाल्याने मूठभर दाणे काढले, एक दाताखाली फोडला आणि पोत्याचे तोंड पुन्हा बांधले. म्हणाला, “दाणा ओला आहे. तीन दिवस ऊन द्या, मग आणा.” घाणा रिकामाच होता.

प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.’

यात ‘घाणा रिकामाच होता’ हे वाक्य मी सर्वांत शेवटी घातले आणि माझ्या मते सारा भार त्याच्यावर आहे. घाण्यापुढे रांग असती, तर पोते परत करण्यात विशेष काही नव्हते. हातात काम नसताना त्याने काम परत केले, हे वाचकाला कळल्याशिवाय नकाराचे वजन कळत नाही. असे एखादे वाक्य घरी बसून सुचत नाही, तिथे उभे असल्यामुळेच लिहिता येते. अर्थ सांगणारे वाक्य मी मुद्दाम लिहिले नाही, कारण ते लिहिताच पोस्ट दुसऱ्या प्रकारात जाऊन पडली असती. विशेष म्हणजे श्लोकाची माहिती न देताही ओळ तिच्या मूळ तिरकसपणाच्या जवळ गेली.

क्रमाचाही थोडा विचार करावा लागतो. ओळ वर आणि निरीक्षण खाली ठेवले, तर वाचक ओळ ओळखतो आणि निरीक्षणापर्यंत येतच नाही. निरीक्षण वर ठेवले, तर तो पोत्याचे काय झाले हे पाहत खाली येतो आणि ओळ त्याला अनपेक्षितपणे भेटते. परिचित ओळीसाठी मी नेहमी दुसरा क्रम घेतो, अपरिचित ओळीसाठी पहिला चालतो. ओळ चित्रावर आणि निरीक्षण चित्राखाली असेल, तर पुढे पाठवताना खालचा मजकूर गळून केवळ चित्र फिरू शकते, म्हणून दोन्ही एकाच मजकुरात ठेवलेले बरे.

या प्रकाराचे धोके मात्र लपवता येणार नाहीत. रोज पोस्ट टाकायची असते आणि पोते रोज परत जात नाही, तेव्हा मनाने रचलेली निरीक्षणे येऊ लागतात. ती ओळखणे कठीण नसते: त्यांत एक रिक्षावाला किंवा फुलवाल्या आजी असतात, आणि त्या आजी बरोबर सुविचाराच्याच भाषेत बोलतात. खरी माणसे बहुधा दाणा ओला आहे एवढेच म्हणतात. दुसरा धोका गटातल्याच कोणावर लिहिण्याचा आहे. एकदा मी पहाटे सर्वांत आधी येणाऱ्या एका मुलाविषयी नाव न घेता लिहिले, ते कौतुकच होते, पण सर्वांनी त्याला ओळखले आणि त्यानंतर काही दिवस तो उशिरा येऊ लागला. तेव्हापासून अभ्यासिकेच्या आतले काही मी लिहीत नाही.

म्हणून निवड करताना मी दिवसाकडे पाहतो. स्मृतिदिनी नुसती ओळ देतो, ओळीचा खरा संदर्भ पहिल्यांदाच सापडला असेल, तेव्हा तो देतो, आणि आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, प्रत्यक्ष पाहिलेले काही असेल, तर निरीक्षण लिहितो. उरलेल्या दिवशी गट शांत राहिला, तरी आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

घाण्याच्या पोस्टखाली त्या दिवशी हात जोडल्याची चिन्हे नेहमीपेक्षा कमी होती. दोन मुलांनी घाण्याचा पत्ता आणि तेलाचा भाव विचारला. तिसऱ्याने संध्याकाळी वेगळा संदेश पाठवून विचारले की यंदाची पूर्वपरीक्षा द्यावी की आणखी एक वर्ष ऊन द्यावे.