आकडे खरे होते, क्रियापदं माझी होती

पतसंस्थेत वीस वर्षं मी सभांची इतिवृत्तं लिहिली. तुटक टिपणांची नेटकी वाक्यं करायचा हात बसलेला आहे, आणि त्यानेच घात केला.

नाशिकच्या एका हॉटेलात चहा-नाश्त्याच्या फ्रँचायझीची सभा होती. धाकटे दीर आणि वन्सं यांना यायला जमणार नव्हतं. "वहिनी, तुम्ही जा आणि सगळं लिहून पाठवा," असं दीर म्हणाले. पडद्यावर भराभर स्लाइड सरकत होत्या, तेव्हा लिहीत न बसता मी मोबाइलवर फोटो काढत गेले. मुख्य स्लाइडवर एवढंच होतं:

गुंतवणूक: 8.5 लाख + जीएसटी
मासिक विक्री: 2.4 लाखांपर्यंत*
ग्रॉस मार्जिन: 62%
परतावा: 8 ते 11 महिने
40+ आउटलेट
100% बायबॅक

घरी येऊन मी याचा पानभर मजकूर केला. आकडा एकही चुकवला नाही, दोनदा ताडून पाहिले. "कंपनीची 40 पेक्षा जास्त आउटलेट सुरू आहेत. प्रत्येक आउटलेटची मासिक विक्री 2.4 लाखांपर्यंत जाते. त्यावर 62% नफा मिळतो. धंदा चालला नाही तर 100% रक्कम परत मिळते." दीर वाचून म्हणाले, आता सगळं स्पष्ट झालं. तिघांनी मिळून पैसे घातले. 18% जीएसटी धरून 10 लाख 3 हजार.

आता तो फोटो आणि माझा मजकूर शेजारी ठेवून बघते. स्लाइडवर क्रियापद एकही नाही. "सुरू आहेत" मी लिहिलं. करारात 40 हा करार झालेल्यांचा आकडा निघाला, त्यातली चालू 7. "प्रत्येक" हा शब्दही माझाच. तारांकित चिन्हाची तळटीप फोटोत नाहीच, कारण पुढे बसलेल्या गृहस्थांचं डोकं तिथे आलं होतं. ती टीप पुढे कंपनीच्याच माहितीपत्रकात सापडली: हा "अंदाज", तोही कॉलेजजवळच्या जागेचा. आणि "बायबॅक" म्हणजे त्यांच्याकडून घेतलेला, सील न फोडलेला माल 90 दिवसांत परत घेणार. माझ्या भाबड्या डोक्यात मात्र ती सगळी रक्कम होती.

सगळ्यात लाज वाटते ती 62 टक्क्यांची. 2.4 लाखांचे 62% म्हणजे 1,48,800, असा आकडाही मी कंसात घातला होता. तो स्लाइडवर नव्हता. ग्रॉस मार्जिन म्हणजे विक्रीतून फक्त कच्च्या मालाचा खर्च वजा केलेला. भाडं, पगार, वीज, रॉयल्टी सगळं त्यानंतर. आमचा सगळ्यात चांगला महिना 91,000 विक्रीचा. त्याचे 62% झाले 56,420. दुकानभाडं 18,000, दोन पोरांचे पगार 24,000, वीज 4,500, सहा टक्के रॉयल्टी 5,460. हातात उरले 4,460.

हे आधी कळायला हिशेबनीस लागत नव्हता, त्याच स्लाइडवर होतं. महिना 1,48,800 उरत असते तर 8.5 लाख सहा महिन्यांच्या आत फिटले असते. पण त्याच्याच खाली "8 ते 11 महिने" लिहिलं होतं! म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हिशेबातही महिन्याचे एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमीच उरत होते. मी आकडे उतरवताना तपासले, एकमेकांशी लावून कधी पाहिले नाहीत.

भांडायला गेलो तेव्हा त्यांच्या माणसाने शांतपणे विचारलं, "ताई, हे वाक्य आमच्या कुठल्या कागदावर आहे?" आमच्याकडे दाखवायला होता तो माझाच मजकूर. शिवाय करारात कलम होतं की करारात नसलेलं कोणतंही तोंडी किंवा सादरीकरणातलं आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. ते आम्ही सही करताना वाचलं होतं, कळलं नव्हतं.

वकिलांनी पहिल्यांदा मागितले ते मूळ फोटो. दीरांकडे व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या प्रतींमध्ये तारीख-वेळेची माहिती उरली नव्हती, माझ्या मोबाइलमध्ये ती होती. फोन बदलताना जुने फोटो पुसायचं मनात होतं, ते राहून गेलं हे नशीब.

मग त्यांनी मला तीच स्लाइड पुन्हा लिहायला लावली. "स्लाइडवर '40+ आउटलेट' एवढेच शब्द आहेत. ती चालू आहेत की नुसते करार झाले आहेत, याचा उल्लेख नाही." "मासिक विक्रीसमोर '2.4 लाखांपर्यंत' असं लिहून तारांकित चिन्ह दिलं आहे. तळटीप फोटोत दिसत नाही." सहा ओळींचा मजकूर दीड पान झाला, आणि निम्मी वाक्यं "उल्लेख नाही"वर संपली. वन्संनी तो वाचला आणि म्हणाल्या, "वहिनी, हा कागद तेव्हा आला असता तर मी एक रुपया दिला नसता."

वसुलीचा दावा दाखल झाला आहे. दुकानाचं शटर जूनपासून बंद आहे, आणि सील न फोडलेल्या मालाचे 90 दिवस कधीच उलटले.