एकाच धड्याची गणितं की सरमिसळ? दहावीच्या सराव-पत्रकांची तुलना

मुलांना एका वेळी एकाच धड्याची दहा-बारा गणितं द्यावीत, की तीन-चार धड्यांतली वेचून, मिसळून तेवढीच द्यावीत? गणितं तीच, पानं तेवढीच, बदलतो तो फक्त क्रम. फोंड्याच्या बाजूला दहावीची शिकवणी घेताना मी दोन्ही तऱ्हा वापरतो. माझं मत सरमिसळीकडे झुकतं, पण सरसकट सगळ्या धड्यांसाठी नाही, आणि नवा धडा सुरू होतो त्या दिवशी तर मुळीच नाही.

फरक कुठे पडतो ते चार गणितांवरून बघू.

पहिलं: माडाची सावली ६ मीटर आहे, त्याच वेळी १.५ मीटरच्या उभ्या काठीची सावली १ मीटर पडते, तर माड किती उंच? दुसरं: माडाची सावली ६ मीटर, सूर्याचा उन्नत कोन ६०°, उंची किती? तिसरं: खांबाच्या टोकापासून ताणलेला १० मीटरचा दोर खांबापासून ६ मीटरवरच्या खुंटीला बांधला आहे, खांबाची उंची काढा. चौथं: १० मीटरचा तसाच दोर जमिनीशी ३०° कोन करतो, उंची काढा.

चारही ठिकाणी मूल एकच आकृती काढतं: एक उभी रेघ, एक आडवी, एक तिरकी. उत्तरं मात्र चार वाटांनी येतात. पहिल्यात समरूप त्रिकोण, म्हणजे ६ × १.५ = ९ मीटर. दुसऱ्यात tan ६०°, म्हणजे ६√३, सुमारे १०.४ मीटर. तिसऱ्यात पायथागोरस, १०० मधून ३६ वजा करून वर्गमूळ, ८ मीटर. चौथ्यात sin ३०°, म्हणजे १० चं निम्मं, ५ मीटर.

आता एकाच धड्याचं पत्रक घ्या. वर ‘हाइट्स अँड डिस्टन्सेस’ असं शीर्षक, खाली दहा गणितं. तिसऱ्या-चौथ्या गणितापर्यंत मुलाच्या लक्षात येतं की इथे त्रिकोणमितीच लागणार, आणि गणित पुरतं वाचायच्या आधीच ते tan लिहून मोकळं होतं. उत्तर बरोबर येतं, आपणही बरोबरची खूण करतो. पण रीत निवडायचं काम मुलाने केलेलंच नसतं, ते शीर्षकाने केलेलं असतं. परीक्षेच्या पेपरात धड्याचं नाव छापत नाहीत.

सरमिसळीच्या पत्रकात हे काम मुलावर येतं. कोन अंशांत दिलाय का? दिला असेल तर त्रिकोणमिती, आणि मग तिरकी बाजू गणितात आहे की नाही यावरून sin, cos की tan ते ठरतं. कोन नाही, पण काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू माहीत आहेत, तर पायथागोरस. कोन नाही, बाजूही एकच, पण शेजारी दुसऱ्या वस्तूची मापं दिली आहेत, तर समरूपता. हे प्रश्न मूल स्वतःला विचारत नसेल तर लगेच कळतं. माडाच्या पहिल्याच गणितात ते सवयीने tan लिहितं, कोन शोधतं, सापडत नाही म्हणून खुशाल ४५° धरतं आणि उत्तर ६ मीटर काढून पुढे जातं. एकाच धड्याच्या पत्रकात ही चूक दिसायला जागाच नसते.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग यासाठी बघण्यासारखा आहे. चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ शिकवलं, एका गटाला आकृतीवार सराव दिला, दुसऱ्याला मिसळून. सराव चालू असताना आकृतीवार गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर होती, मिश्र गटाची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तर पहिला गट २० टक्क्यांवर आला आणि दुसरा ६३ वर राहिला. पुढे रोहरर आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या सातवीच्या ५४ वर्गांत काही महिने हाच सराव करून घेतला. २०२० मध्ये त्याचे निकाल छापून आले: न सांगता घेतलेल्या चाचणीत मिश्र सरावाचे वर्ग ६१ टक्के, धडेवारीचे ३८. यातला थोडा फायदा सरमिसळीचा नसून अंतराचा असतो, कारण मिसळलं की एकाच रीतीची गणितं आपोआप अनेक दिवसांवर पसरतात. शिकवणाऱ्याला दोन्ही एकदमच मिळतात, त्यामुळे हा हिशेब वेगळा मांडायची मला गरज वाटत नाही.

८९ आणि ६० हे आकडे मात्र पालकांना समजावून ठेवावेच लागतात. सरमिसळ सुरू केली की पहिल्या काही पत्रकांत गुण घसरतात आणि घरून फोन येतो: “सर, गेल्या महिन्यापर्यंत दहापैकी नऊ मिळत होते, आता पाच-सहा. बाय अभ्यास करते हो, मी बघते ना.” आई खोटं बोलत नसते. म्हणून मी मिश्र पत्रकाचे गुण घरी पाठवतच नाही. शिवाय वेळही जास्त जातो. धडेवारी दहा गणितं जितक्या वेळात होतात, तेवढ्यात मिश्र सात-आठ होतात. आणि नुसती उत्तरं सांगून भागत नाही, प्रत्येक गणितात ‘हीच रीत का’ हे फळ्यावर बोलून दाखवावं लागतं. ते जमणार नसेल, म्हणजे पत्रक देऊन पोरांना घरी पाठवायचं असेल, तर धडेवारीच बरी. निदान चुकीची रीत घोटली जात नाही.

कुठले धडे मिसळायचे हेही बघायला हवं. संभाव्यता आणि शंकूचं घनफळ मिसळून निवडीचा सराव होत नाही, कारण त्यांत गोंधळ कुणाचाच होत नाही. तिथे फार तर उजळणी होते. मिसळावेत ते धडे जे दिसायला सारखे असतात. वरचा त्रिकोणांचा गट आहेच. दुसरा गट वक्रपृष्ठफळ, एकूण पृष्ठफळ आणि घनफळ यांचा: टाकीला बाहेरून रंग द्यायचा, की टाकीत पाणी भरायचं, की झाकणासकट पत्रा लागणार, एवढं ओळखलं की अर्धं गणित झालं.

नव्या रीतीची पहिली चार-पाच गणितं सलगच करून घ्यावीत. ज्याला sin ३०° ची किंमतच आठवत नाही, त्याच्यापुढे निवड ठेवून काय होणार? त्यानंतर दहाचं पत्रक करताना चार नवीन धड्याची, सहा जुन्या धड्यांची, लागोपाठची दोन कधीच एका रीतीची नाहीत. नवी गणितं रचावी लागत नाहीत, पुस्तकातल्याच स्वाध्यायांतून उचलायची. शीर्षक आणि छापील आकृती तेवढी काढून टाकायची, कारण आकृतीत कोन काढलेला दिसला की निवड आयतीच झाली.

निर्णय अडलाच असेल तर एकदा जुन्या पेपराची वही तपासताना लाल पेनाने दोनच खुणा करा: रीत चुकली तिथे ‘री’, रीत बरोबर पण आकडेमोड चुकली तिथे ‘आ’. ‘री’ जास्त असतील तर त्या मुलाला सरमिसळ द्या. ‘आ’ जास्त असतील तर सध्या धडेवारी चालू ठेवा, सरमिसळ चवथीच्या सुट्टीनंतर सुरू केली तरी चालेल.