‘प्रशू’ लिहिलं आणि ४२ हजार रुबल गेले

मी कझानला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असताना एका ऑनलाइन दुकानातून ४२,००० रुबलचा लॅपटॉप मागवला. पैसे बाबांनी पाठवले होते. चौथ्या दिवशी स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या.

मोडक्यातोडक्या रशियनमध्ये मी दुकानाला पत्र लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘प्रशू रझब्रात्सा’. म्हणजे, कृपया यात लक्ष घाला. पैसे परत हवेत, हे मी लिहिलंच नाही. चांगल्या भाषेत लिहिलं की माणसं ऐकतात, असं मला वाटत होतं.

उत्तर गोड आलं. लॅपटॉप आमच्या सर्व्हिस सेंटरला आणून द्या, तपासून सांगतो. तिथे एका छापील अर्जावर सही घेतली. वर ‘रेमोंत’, म्हणजे दुरुस्ती, असं लिहिलं होतं, पण ते मी नीट वाचलं नाही. ती सही म्हणजे मी स्वतःहून दुरुस्ती मागितल्याचा कागद होता, आणि दुरुस्तीला कायदा ४५ दिवसांपर्यंत मुदत देतो.

तिथल्या १९९२ च्या ग्राहक हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे लॅपटॉपसारखी वस्तू सदोष निघाली, तर हातात आल्यापासून १५ दिवसांत सरळ पैसे परत मागता येतात. त्यानंतर मोठा दोष किंवा दुरुस्तीला झालेला उशीर असं काही दाखवावं लागतं. माझे १५ दिवस त्यांच्याच कपाटात गेले.

अडतीसाव्या दिवशी लॅपटॉप परत मिळाला. कागदावर लिहिलं होतं, ‘दोष आढळला नाही’. आठवड्यात रेघा पुन्हा आल्या. दुरुस्तीनंतर तोच दोष परत आला तर तो मोठा दोष धरतात. पण कागदानुसार दुरुस्ती झालीच नव्हती, मग तो ‘परत’ आला असं म्हणणार कसं? दुकानाने हेच कारण देऊन पैसे नाकारले. तो कागद मुद्दाम तसा लिहिला होता, असं मला आजही वाटतं.

पुढच्या वर्षी आमच्या खोलीतल्या ज्युनिअरच्या नव्या लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला, तेव्हा त्याचं पत्र आम्ही दोघांनी बसून लिहिलं. अशा पत्राला तिथे ‘प्रितेन्झिया’ म्हणतात. वर दुकानाचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता, मग खरेदीची तारीख, किंमत आणि दोष कधी दिसला ते. आणि मुख्य वाक्य: मी हा विक्री करार रद्द करतो आणि भरलेली रक्कम परत करण्याची मागणी करतो. मागणीसाठी ‘प्रशू’, म्हणजे विनंती करतो, हे काढून ‘त्रेबुयू’, म्हणजे मागणी करतो, हे घातलं. दुरुस्ती हा शब्द कुठेच येऊ दिला नाही. खाली कलम १८, आणि पैसे १० दिवसांत देण्याचं कलम २२. लॅपटॉप हातात आल्यापासून नवव्या दिवशी पत्र पोस्टातून, आत काय आहे त्याच्या शिक्का मारलेल्या यादीसह आणि पोचपावतीसह पाठवलं.

दुकानाने त्यालाही आधी सर्व्हिस सेंटरचाच पत्ता दिला. तो गेला, पण पावतीवर स्वतःच्या हाताने ‘फक्त तपासणीसाठी’ असं रशियनमध्ये लिहून मगच त्याने सही केली. बारा दिवसांनी पैसे त्याच्या कार्डावर आले.